गुडघ्यावरचा हिरवा, मांडीवरचा लाल

क्रिकेटच्या पांढऱ्या पँटवर गुडघ्याशी जो डाग पडतो तो बहुतेक वेळा एक नसतो, दोन असतात. खाली लाल माती, तिच्यात मिसळलेलं चिरडलेलं गवत. दोन्ही एकाच डाइव्हमध्ये आलेले, पण स्वभाव इतके उलटे की एकाला जे औषध लागू पडतं त्याने दुसरा पक्का होतो. पँट तशीच मशीनमध्ये टाकली की दोन्ही अर्धे निघतात, अर्धे राहतात, आणि मग आपण पावडरला नावं ठेवतो.

माझं माहेर इचलकरंजीचं. वडील एका प्रोसेस हाऊसमध्ये होते, म्हणजे जिथे कोरं कापड धुऊन, ब्लीच करून, रंगवून बाहेर पडतं तिथे. लहानपणी घरात कापडाबद्दलच बोलणं असायचं. तरी कोथरूडला संसार थाटल्यावर आणि मुलगा कोचिंगला जायला लागल्यावर पहिल्या हंगामात मी दोन पँटी वाया घालवल्या. पहिल्या पँटवरच्या हिरव्या डागावर लिंबू चोळलं. दुसरीवरच्या लाल डागावर ब्लीच ओतलं. दोन्ही ठिकाणी चूक एकच होती: समोर कोणता डाग आहे हे न बघता हाताला लागेल ते लावलं.

आधी माती बघू. पुण्याची मूळ जमीन काळ्या दगडाची, बेसाल्टची, त्यामुळे नदीकाठची माती काळी. पण मैदानांवर मुरूम पसरलेला असतो, आणि विकेटसाठी किंवा मैदान सारखं करायला कुठे कुठे लाल माती बाहेरून आणून टाकलेली असते. काळ्या मातीचा थोडा अंश पांढऱ्यावर राहिला तर तो करडा दिसतो आणि नजरेतून सुटून जातो. लाल मातीचा चिमूटभर अंश मात्र गॅलरीत वाळत घातलेल्या पँटवर समोरच्या बिल्डिंगमधूनही दिसतो. तिचा लाल रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा. थोडक्यात, गंजाचा. हा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळत नाही, स्पिरिटमध्येही नाही. तो कापडाला रंगवत नाही. बारीक कणांच्या रूपात धाग्यांच्या मध्ये जाऊन बसतो. चिकणमातीचा कण २ मायक्रॉनपेक्षा बारीक असतो आणि आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. यावरून तो किती खोल शिरू शकतो याचा अंदाज येईल. म्हणून मातीचा डाग 'उडवायचा' नसतो, बाहेर काढायचा असतो.

माझी ब्लीचची चूक इथेच होती. आपलं नेहमीचं द्रव ब्लीच रंगाचं ऑक्सिडेशन करतं आणि रंग मोडतो. पण मातीतलं लोखंड आधीच पूर्ण गंजलेलं आहे. गंजाला आणखी काय गंजवणार? लाल तसाच राहिला. शिवाय पॉलिस्टरच्या पँटवर पांढरेपणा वाढवणारी जी चमक कारखान्यात दिलेली असते तीही ब्लीचने गेली आणि कमरेच्या इलॅस्टिकची पट्टी पिवळी पडली. डाग जागच्या जागी, बाकीची पँट निस्तेज.

गवताचं सगळं उलटं. हिरवा रंग हरितद्रव्याचा, आणि हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही, पण स्पिरिटमध्ये छान विरघळतं. शाळेत पान स्पिरिटमध्ये उकळून पांढरं करायचा प्रयोग केला असेल तर आठवत असेल. स्पिरिट हिरवं होतं आणि पान फिकट पडतं. गुडघ्यावर आपल्याला तेवढंच करायचं आहे, फक्त उकळायचं नाही. गवताच्या रसात हरितद्रव्याबरोबर प्रथिनंही असतात. ती कडक गरम पाण्यात गोठून धाग्याला चिकटतात, अंड्याचा पांढरा भाग तव्यावर चिकटतो तसं. म्हणून 'कडक पाण्यात भिजव, सगळं निघतं' हा घराघरांतला सल्ला गवताच्या डागाला चालत नाही, निदान सुरुवातीला नाही.

आणि लिंबू? अळूच्या फदफद्यात चिंच पडली की हिरवा रंग कसा उतरतो, मळकट शेवाळी होतो, ते रोजच्या स्वयंपाकात दिसतं. आंबट लागलं की हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम सुटून जातं आणि रंग तपकिरीकडे झुकतो. माझ्या पहिल्या पँटवर हेच झालं. हिरवा डाग लिंबाने 'गेला' असं वाटलं, वाळल्यावर त्या जागी चहा सांडल्यासारखा डाग होता. गंमत म्हणजे लिंबाचं मातीवर थोडंफार चालतं, ते का ते पुढे येईल. पण गवतावर आधी आंबट लावायचं नाही. सगळा क्रम या एका गोष्टीवर ठरतो.

हे सगळं मशीनबाहेर का करायचं, असं मुलाने मला विचारलं होतं. "आई, मशीनमध्ये पण साबणच असतो ना?" असतो, पण किती पातळ ते बघा. ४५ लिटर पाण्यात ६० मिलिलिटर लिक्विड डिटर्जंट टाकलं तर लिटरला जेमतेम १.३ मिलिलिटर पडतं. तेच लिक्विड डागावर चमचाभर पाण्यात चमचाभर मिसळून लावलं तर ते मशीनमधल्या पाण्यापेक्षा साडेतीनशे पटींहून जास्त तीव्र असतं. दुसरी अडचण मातीची. ती पँटमधून सुटते ती मशीनच्याच पाण्यात सुटते, आणि तिथे बाबांचा पांढरा शर्टही फिरत असतो. एका पँटचा लाल चार कपड्यांवर थोडा थोडा वाटला जातो. पांढरे कपडे महिन्या-दोन महिन्यांत 'मळखाऊ' दिसायला लागतात ते बरेचदा यामुळेच.

एक पँट, सुरुवातीपासून

परवाच्या रविवारची पँट घेते, म्हणजे क्रम नीट कळेल. कापड पॉलिस्टर, बाजूला निळी पायपिंग, मागे क्लबचा प्रिंट. डाव्या मांडीपासून गुडघ्यापर्यंत पसरलेला लाल-तपकिरी पट्टा, गुडघ्यावर त्यातच तीन बोटं रुंद हिरवा ओरखडा. उजव्या मांडीवर वेगळ्याच, भडक लाल रेघा. त्या रेघा मातीच्या नाहीत, बॉल घासल्याच्या आहेत. त्यांच्याकडे नंतर येऊ.

पँट किट बॅगमध्ये चार तास दमट होती. पहिलं काम तिला बाहेर काढून पंख्याखाली टांगणं. ओल्या मातीवर हात लावायचा नाही. आमच्याकडे धुण्याला येणाऱ्या मावशी जुन्या हाताच्या. चिखल दिसला की ब्रश घेऊन तुटून पडायच्या. त्यांना एकदा म्हटलं, "मावशी, अंगणातला चिखल ओला असताना झाडला तर काय होतं?" त्या म्हणाल्या, "सगळीकडे फासला जातो की वो." कापडावरही तेच होतं. ओला कण ब्रशच्या दाबाने धाग्यांच्या आत जातो. वाळल्यावर मात्र चिखलाची खपली होते आणि तिचा मोठा भाग कोरडाच निघतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पँट उलटी करून गॅलरीत जोरात झटकली. मग सुलटी करून डाग पडलेला भाग बोटांमध्ये धरून चुरगळला, म्हणजे खपली फुटली. चमच्याची पाठ फिरवून आणि जुन्या मऊ टूथब्रशने एकाच दिशेने झाडून उरलेली भुकटी काढली. खाली वर्तमानपत्र घातलं होतं, त्यावर चहाच्या चमच्याभर माती पडली. एवढी माती मशीनमध्ये जायची वाचली. डागाचा रंग या एकाच पायरीत निम्म्यावर आला, आणि हिरवा ओरखडा आता स्पष्ट सुटा दिसायला लागला.

पावसाळ्यात कपडा वाळायला दोन दिवस लागतात, हे मान्य. घाई असेल तर दुसरा मार्ग आहे: डाग पडलेला भाग उलटा धरून, म्हणजे आतली बाजू वर, नळाची जोरदार धार मागून सोडायची. पाणी कण आला त्या वाटेने बाहेर ढकलतं. समोरून धार मारली तर तो आणखी आत जातो. चोळायचं नाही, फक्त धार. पण मग गवताच्या डागासाठी तो भाग परत कोरडा व्हावा लागतो, कारण पुढची पायरी कोरड्या कापडावरच चालते.

ती पायरी स्पिरिटची. केमिस्टकडे मिळणारं पारदर्शक सर्जिकल स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल. सॅनिटायझरही चालेल, पण रंगीत किंवा जेलवाला नको. ७० टक्क्यांच्या आसपासचा, पाण्यासारखा पातळ बघा. आधी पायपिंगवर आणि शिवणीच्या आतल्या बाजूला एक थेंब टाकून पांढरी चिंधी दाबून पाहिली. पायपिंगचा निळा चिंधीवर आला नाही. मागच्या प्रिंटला मात्र स्पिरिट लागू दिलं नाही, कारण हे छापे त्याने सुटू शकतात. आणि हे काम गॅसच्या ओट्याजवळ अजिबात करायचं नाही, स्पिरिट लगेच पेट घेतं. मी खिडकी उघडून हॉलमध्ये बसते.

जुन्या पांढऱ्या सुती बनियनची घडी खाली ठेवली. त्यावर गुडघा पालथा घातला, म्हणजे हिरवा ओरखडा बनियनला टेकलेला. आतल्या बाजूने कापसाच्या बोळ्याने स्पिरिट टिपत गेले. घासलं नाही, फक्त दाबत गेले. दोन मिनिटांनी गुडघा उचलला तर बनियनवर फिकट पोपटी ठसा. सुटलेला रंग कुठेतरी जायला हवा, तो चिंधीत गेला. मग घडी बदलून कोरडी जागा खाली घेतली आणि परत टिपलं. पहिले तीन ठसे चांगले हिरवे आले, चौथा पिवळसर, पाचवा जवळपास कोरा. ठसा कोरा आला म्हणजे स्पिरिटचं काम संपलं. यानंतर कितीही स्पिरिट ओतलं तरी उपयोग नाही. गुडघ्यावर जो पिवळट-तपकिरी अंश दिसतो त्यात आता प्रथिनं आणि माती आहे, आणि ती स्पिरिटला दाद देत नाहीत. उलट चिंधी न बदलता तीच जागा वापरत राहिलात तर सुटलेला हिरवा परत कापडात जातो आणि मोठ्या गोलाची कड उमटते.

आता पाणी. गार पाण्याची धार मागून. माती सुटून पाणी गढूळ निघालं. मग डागावर लिक्विड डिटर्जंट. इथे पाकिटावर बघायचं ते 'एंझाइम' हा शब्द. या डिटर्जंटमध्ये प्रथिनं तोडणारं एंझाइम असतं, आणि गवताच्या रसातली प्रथिनं त्याचं खाद्य. चमचाभर लिक्विड, चमचाभर कोमट पाणी, मऊ ब्रशने धाग्याच्या दिशेने हलकेच. 'कोमट' म्हणजे मनगटावर ऊब लागेल पण चटका बसणार नाही इतकंच, ४० अंशांच्या आत. एंझाइमला वेळ लागतो. लावलं आणि लगेच धुतलं तर ते काम सुरू करायच्या आत गटारात जातं. मी २० मिनिटं ठेवते, वाळू देत नाही. मध्ये कोरडं पडलं तर हात ओला करून शिंपडते.

साबण मातीला सोडवतो तरी कसा, हे थोडं बघण्यासारखं आहे. चिकणमातीच्या कणांवर आणि कापडाच्या धाग्यावर पाण्यात सारखाच, ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात, आणि डिटर्जंट ही ढकलाढकल वाढवतं. म्हणून कण सुटतो आणि पाण्यात तरंगत राहतो. जड पाण्यात मात्र कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं, त्याचा भार उलटा. ते मध्ये हात घालून कण आणि धागा यांना जोडून ठेवतं. पुण्यात हा फरक घरातच कळतो. महापालिकेचं खडकवासल्याकडून येणारं पाणी मऊ आहे, त्यात फेस चांगला होतो. उन्हाळ्यात सोसायटीच्या टाकीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी आलं की तेच डिटर्जंट, तीच पँट, आणि डाग हटत नाही. अशा आठवड्यात डागापुरतं पाणी मी आरओ फिल्टरचं घेते. दोन-तीन मग लागतात, काही फार नाही. जून-जुलैत पन्हळीखाली बादली लावून धरलेलं पावसाचं पाणी याहून चांगलं, तेवढं मऊ पाणी विकतही मिळायचं नाही.

लिंबू आधी का नको याचं दुसरं कारणही हेच. आंबट पाण्यात कणांची ही ढकलाढकल कमी होते, ते एकमेकांना आणि कापडाला चिकटून बसतात.

२० मिनिटांनी परत मागून धार, आणि धुतलेलं पाणी पांढऱ्या मगमध्ये धरलं. पहिल्यांदा ते लिंबाच्या लोणच्याच्या खारासारखं दिसत होतं. दुसऱ्यांदा लिक्विड लावून, पुन्हा २० मिनिटांनी धरलं तर नितळ. मग ओला गुडघा खिडकीशी उजेडात धरला. हिरवा गेला होता, एक पिवळट सावली होती. लाल पट्टा गेला होता, पण शिवणीच्या खाचेत नारिंगी रेघ होती.

सावली आणि रेघ

पिवळट सावलीसाठी ऑक्सिजनवाली डाग-पावडर. पाकिटामागे 'सोडियम परकार्बोनेट' लिहिलेलं असलं की झालं, ब्रँड कोणताही घ्या. पाण्यात ती सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड होते, आणि पेरॉक्साइड हरितद्रव्याचा उरलेला अंश मोडतं. २ लिटर पाण्याला एक मोठा चमचा, पाणी हात घालवेल पण फार वेळ ठेववणार नाही इतकं गरम, म्हणजे ४५ ते ५० अंश. प्रथिनं आधीच एंझाइमने काढलेली आहेत, म्हणून आता ऊन पाणी चालतं. गार पाण्यात ही पावडर नुसती पडून राहते आणि लोक म्हणतात 'काही फरक पडला नाही'. तास-दीड तास भिजवलं. हे पाणी बाटलीत भरून, बूच लावून ठेवायचं नाही. त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुगून फुटते. दर वेळी ताजं करायचं.

ही पायरी माती निघाल्यानंतरच, आणि याचं कारण मला वडिलांकडून कळलं. प्रोसेसमध्ये पेरॉक्साइडने ब्लीच केलेलं सुती कापड ते उजेडासमोर ताणून धरायचे आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं शोधायचे. कापडावर कुठे लोखंडाचा कण राहिला असेल तर तो पेरॉक्साइडला भलताच चेव आणतो आणि नेमकं त्या जागी सूत जळाल्यासारखं तुटतं. घरातल्या चमचाभर पावडरने लगेच भोक पडणार नाही. पण सुती पीटीचा शर्ट दर आठवड्याला मातीसकट त्यात भिजवला तर कोपराशी कापड लवकर विरतं, आणि मग आपण मुलाला बोलतो, 'घासून फाडलास'. शाळेच्या लाल, निळ्या, हिरव्या हाऊस टी-शर्टवर ही पावडर वापरण्याआधी आतल्या शिवणीवर थोडं पाणी लावून दहा मिनिटं थांबून बघा. पांढऱ्या कॉलरला चालतं म्हणून रंगीत अंगाला चालेलच असं नाही.

राहिली शिवणीतली नारिंगी रेघ. तिथे आता फक्त लोखंड आहे, हिरवा काहीही उरलेला नाही, म्हणून आता, सगळ्यात शेवटी, आंबट. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, एक मोठा चमचा अर्धा लिटर कोमट पाण्यात. त्यात फक्त ती शिवण २० ते ३० मिनिटं बुडवायची. सायट्रिक अ‍ॅसिड लोखंडाला धरून पाण्यात घेऊन जातं. लिंबाचा रस हेच करतो, पण त्यात साखर आणि गर असतो, म्हणून सत्त्व बरं. खरं सांगायचं तर याने नारिंगी रेघ फिकी होते, दरवेळी पूर्ण जातेच असं नाही. मातीतलं लोखंडाचं ऑक्साइड खिळ्याच्या ताज्या गंजापेक्षा चिवट असतं. दोनदा केलं तर तीन फुटांवरून दिसत नाही एवढं होतं, आणि तिथे मी थांबते. नंतर स्वच्छ पाण्याने तीनदा खळबळायचं. सुती कपड्यात अ‍ॅसिड राहून तो वाळला तर सूत कमकुवत होतं.

आणि एक गोष्ट जरा मोठ्याने: या अ‍ॅसिडच्या पाण्याजवळ नेहमीचं क्लोरीनचं ब्लीच येऊ द्यायचं नाही. त्याच बादलीत नाही, पाठोपाठही नाही. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो, आणि आपली न्हाणीघरं दार लावलं की डब्यासारखी बंद असतात. टॉयलेट क्लीनरने मातीचा डाग काढायची युक्ती मी दोन घरांत पाहिली आहे. त्यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. ते डागाबरोबर सुतालाही खातं आणि धुणाऱ्याच्या हातालाही.

आता उजव्या मांडीवरच्या बॉलच्या रेघा. ते बॉलच्या चामड्याचा रंग आणि त्यावरचं मेण-पॉलिश असतं. ओळखायचं कसं? माती बोटाने कोरडी खरवडली की पूड पडते, या रेघा नुसत्या चमकतात. भांड्यांचं लिक्विड लावून दहा मिनिटं ठेवलं की मेण सुटतं, मग कोरडं करून स्पिरिट, गवतासारखंच चिंधीवर टिपून. पूर्ण जातातच असं नाही. फास्ट बोलरच्या पँटवर त्या हंगामभर गुलाबी राहतात, आणि मुलांना त्याचा अभिमानच असतो, असं माझ्या लक्षात आलं आहे.

एवढं झाल्यावर मशीन. पांढरे कपडे वेगळे, ड्रम तीन चतुर्थांशच भरलेला, हीटर असेल तर ४० अंश, एक जादा रिन्स. सॉफ्टनर नको. त्याचा थर धाग्यावर बसतो, आणि खेळाच्या पॉलिस्टरवर पुढच्या वेळची धूळ आणि तेलकट मळ त्याला चिकटतात. नीळही आत्ता नको. नीळ पिवळेपणा झाकते, डाग काढत नाही, आणि अर्धवट निघालेल्या नारिंगीवर पडली की जांभळट करडा रंग येतो.

मशीनमधून काढल्यावर पँट ओली असतानाच परत उजेडात बघायची. यात आळस केला की मागचं सगळं फुकट जातं. हिरव्याची अगदी फिकट छटा असेल तर पँट ओलसर असतानाच कडक उन्हात तो गुडघा वर करून टाकायचा. हरितद्रव्य उजेडात मोडतं, त्यामुळे दुपारच्या उन्हात उरलेली छटा बरेचदा आपोआप जाते. धोबी पांढरे कपडे उन्हात पसरायचे ते नुसतं वाळवण्यासाठी नव्हतं. इस्त्री किंवा ड्रायर मात्र डाग दिसत असताना नाही. पॉलिस्टरचा धागा साधारण ७० ते ८० अंशांच्या वर मऊ पडायला लागतो, इस्त्री त्याच्या कितीतरी वर असते. मऊ पडलेला धागा पृष्ठभागावरचा रंग आत ओढून घेतो आणि गार होताना त्याला बंद करून ठेवतो. त्यानंतर स्पिरिटचा बोळा बाहेरच्या बाहेर फिरतो, आतला हिरवा त्याच्या हाताला लागत नाही.

परवाची पँट निघाली. शिवणीतली रेघ मला माहीत आहे म्हणून दिसते. पण गेल्या वर्षीची एक पँट कपाटात आहे. घाईच्या शनिवारी मीच ती गुडघ्यावरच्या हिरव्यासकट इस्त्री केली होती. तिच्यावर स्पिरिट, एंझाइम, परकार्बोनेट सगळं दोनदा करून झालं. हिरव्याचा गडदपणा गेला, आकार राहिला. ती आता मुलगा नेट्सला घालतो.